सोलर पंप + ठिबक + टाकी : उन्हाप्रमाणे पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या?

माणदेशी_शिवार (आटपाडी) · मंगळवार, रात्री ९.४०

रामराम मंडळी. ३ एकर भगवा डाळिंब आहे, लागण १४ बाय १० फुटांवर, आंबे बहार धरलाय. झाडाला ४ लिटरचे चार ड्रीपर. एकराचा एक असे तीन व्हॉल्व्ह आहेत, त्यांना आपण अ, ब, क म्हणू. विहिरीवर आता ३ एचपीचा सोलर बसलाय. पाणी सध्या ६० फुटांवर आहे. वरच्या बांधावर सिमेंटची टाकी बांधून घेतली, १२ बाय १२ आणि ५ फूट खोल, म्हणजे २० हजार लिटरची.

लाईटची मोटर होती तेव्हा एक व्हॉल्व्ह तीन तास चालवायचा, बंद करून दुसरा उघडायचा, काम संपलं. तोच हिशोब सोलरला लावला आणि फसलो. सकाळी ८ ला अ उघडतो, तर शेवटच्या ओळींची झाडं कोरडी. दुपारी १२ ला तोच एक व्हॉल्व्ह चालू असला की लॅटरलचे जॉइंट उडतात. काल तर सबमेनवरचा टेकऑफ सुटला आणि दोन ओळींत तळं झालं. मागच्या बहारात फळं तडकली ती निम्मी या कमीजास्त पाण्यानेच, असं माझं मत आहे.

पंप कमी पडतोय की माझं वेळापत्रक चुकतंय? आणि टाकी नेमकी वापरायची कशी? सध्या ती भरून नुसती उभी आहे.

---

सौरऊर्जा_पुणे · रात्री १०.०५

दुपारी जास्त वीज तयार होते ती नेट मीटरने महावितरणला द्या आणि रात्री परत घ्या. आमच्या सोसायटीत छतावर १० किलोवॅट आहे, बिल जवळपास शून्य येतं. पाणी रात्री निवांत सोडता येईल.

---

माणदेशी_शिवार · रात्री १०.१२

साहेब, हा शेतातला सुटा संच आहे. पॅनेलची वायर कंट्रोलरला, कंट्रोलरची मोटरला. खांब नाही, तार नाही, मीटर नाही. ऊन गेलं की विषय संपला.

---

तासगावकर_द्राक्ष · रात्री १०.३०

३ एकराला ३ एचपी घेतलात कशाला? मागेल त्याला सौरमध्ये अडीच एकराच्या वर ५ एचपी मिळतो. इथेच चुकलं.

दुसरं, पीसी ड्रीपर लावून टाका. दाब कमी असो की जास्त, प्रत्येक झाडाला सारखंच पाणी. सगळा प्रश्न मिटेल.

---

वाफसा · रात्री ११.१५

पंप कमी आहे असं लगेच म्हणू नका. एका एकरात साधारण ३११ झाडं, झाडाला तासाला १६ लिटर, म्हणजे एका व्हॉल्व्हला तासाला ५ हजार लिटर लागतात. ३ एचपी एवढ्या खोलीवरून भर उन्हात याच्या दुप्पट सहज देईल. सकाळी ८ ला मात्र निम्मंही देणार नाही. लाईटची मोटर दिवसभर एकाच वेगाने फिरते. सोलरची मोटर उन्हाप्रमाणे वेग बदलते, आणि तुम्ही तिला लाईटच्या मोटरचं वेळापत्रक दिलंय.

यातली खोच अशी. वेग कमी झाला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण दाब त्याहून जास्त वेगाने घसरतो. ५० हर्ट्झला पंप जास्तीत जास्त ६० मीटर उचलत असेल तर ४० ला ३८ मीटरच उचलेल आणि ३३ ला २६. आता तुमची गरज बघा. विहिरीतलं पाणी १८ मीटर खाली, टाकीचं तोंड समजा जमिनीपासून ४ मीटर वर. टाकीत पाणी पडायला २२ मीटर पुरेत. ठिबकला मात्र ते १८, फिल्टरवर दीड किलो दाब म्हणजे १५ आणि पाइपातली घट ३, असे ३६ मीटर लागतात. म्हणजे ३३ हर्ट्झवर टाकीत धार पडते, पण ठिबकच्या शेवटच्या ओळीला थेंब पोचत नाही. तुमची कोरडी झाडं ही त्यातलीच.

दुपारचं याच्या बरोबर उलट. पंप १० हजारांच्या वर द्यायला बसलाय, तुम्ही ५ हजारांचंच तोंड उघडलंय. उरलेलं जाणार कुठे? दाब चढतो आणि जॉइंट उडतात.

माझे ६० मीटर अंदाजाचे आहेत, तुमच्या पंपाच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघा. उद्या एक काम करा. टाकीच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम धरून तो भरायला किती वेळ लागतो ते दिवसातून पाच वेळा मोजा. त्या वेळी कंट्रोलरच्या स्क्रीनवर हर्ट्झ किती दिसतात तेही लिहा. मग बोलू.

तासगावकर, पीसीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. दुपारचा जास्तीचा दाब पीसी झेलतील. पण त्यांनाही चालायला किमान दाब लागतो. त्याच्या खाली गेले की तेही साध्या ड्रीपरसारखेच गळतात. सकाळची शेवटची ओळ पीसी लावूनही कोरडीच राहील.

---

माणदेशी_शिवार · बुधवार, संध्याकाळी ७.२०

मोजलं. पोरगा मोबाइलवर वेळ लावत होता, मी ड्रमपाशी.

सकाळी ८.१५ ला ४ मिनिटं १० सेकंद, स्क्रीनवर ३३.
९.३० ला १ मिनिट ४० सेकंद, ४२.
१२ ला ५५ सेकंद, ५०.
साडेतीनला २ मिनिटं, ३९.
५ ला ५ मिनिटं, ३२. त्यानंतर पंधरा मिनिटांनी मोटर फिरल्याचा आवाज येत होता, पण पाणी नाही.

तासगावकर दादा, ५ एचपी मिळत होता, मीच मुद्दाम ३ चा मागितला. एप्रिलात आमच्या विहिरीचा झरा इतका बारीक होतो की ५ ने दोन तासांत तळ गाठला असता.

---

वाफसा · रात्री ८.४५

झकास. म्हणजे तासाला सकाळी सव्वाआठला २,९०० लिटर, साडेनऊला ७,२००, बाराला १३ हजार, साडेतीनला ६ हजार आणि पाचला २,४००. हे टाकीच्या तोंडाशी. ठिबकच्या दाबाला यापेक्षा कमी मिळेल, तरी दुपारी दोन व्हॉल्व्हचे १० हजार निघायला हरकत नाही.

पाण्याची गरज किती धरताय? या दिवसांत भरल्या झाडाला ४५ लिटरच्या आसपास धरलं तर एका व्हॉल्व्हला पावणेतीन तास लागतात. तीन व्हॉल्व्हचे सव्वाआठ तास. एकामागून एक लावले तर दिवस पुरत नाही, म्हणून एकावर एक चढवायचे.

साडेनऊला फक्त अ उघडा. स्क्रीन ४० च्या वर गेल्याशिवाय ठिबकला हातच लावायचा नाही. पावणेअकराला अ चालू असतानाच ब उघडा. सव्वाबाराला अ बंद करून क उघडा, पण आधी क उघडायचा आणि मग अ बंद करायचा, उलटं नको, नाहीतर पुन्हा टेकऑफ शोधत फिराल. दीडला ब बंद. तीनला क बंद. प्रत्येकाला पावणेतीन तास मिळाले, आणि दोन व्हॉल्व्ह एकत्र फक्त पावणेअकरा ते दीड, जेव्हा ऊन खरंच तेवढं असतं.

दीड ते तीन एकटा क चालू असेल तेव्हा ऊन अजून कडक असतं. तेव्हा टाकीकडे जाणारा बायपास थोडा उघडा ठेवा. फिल्टरच्या पुढच्या गेजवर दीड किलो दिसेपर्यंत उघडायचा, बस.

आणि टाकी कधी भरायची, तर साडेनऊच्या आधी आणि तीनच्या नंतर. ठिबकला न चालणारं जे ऊन आहे ते टाकीला चालतं. तुमच्या आकड्यांवरून सकाळी ८ हजार आणि दुपारनंतर ११ हजार लिटर सहज पडतील. टाकी रोज भरेल.

पाच वाजून गेल्यावर पाणी न देता मोटर फिरते ती तशी फिरू देऊ नका. पाण्यातल्या मोटरला वाहत्या पाण्यानेच गारवा मिळतो. कंट्रोलरमध्ये किमान हर्ट्झची सेटिंग असते, ती बसवणाऱ्या माणसाकडून ३२ वर करून घ्या.

---

पाटलीणबाई_जत · रात्री ९.१०

भाऊ, वेळापत्रक छान आहे, पण ढग आला की काय? आमच्याकडे मागच्या आठवड्यात रोज दुपारी आभाळ येत होतं. पंप बंद पडतो, परत चालू होतो. घड्याळात पावणेतीन तास झाले म्हणून व्हॉल्व्ह बदलला, प्रत्यक्षात पाणी निम्मंच पडलेलं. मी तर आता नेमकं किती गेलं ते सांगूच शकत नाही.

---

वाफसा · रात्री ९.३०

ताई, म्हणूनच सोलरवर तास मोजायचे नाहीत, लिटर मोजायचे. फिल्टरनंतर वॉटर मीटर बसवला तर उत्तम. तो नसेल तर गोड्या तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा घ्या. व्हॉल्व्हच्या शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाशी खड्डा करून त्यात डबा ठेवा आणि एक ड्रीपर त्यात सोडा. ४ लिटरचा ड्रीपर पावणेतीन तासांत ११ लिटर देतो. डब्यात ११ लिटरवर खिळ्याने आतून रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की पाळी झाली, मग घड्याळात एक वाजलेला असो की तीन. ढग येवो, पंप दहादा बंद पडो, डबा खोटं बोलत नाही. नंतर ते पाणी त्याच झाडाला ओतून द्यायचं.

एकच डबा ठेवू नका. तो ड्रीपर चोंदलेला निघाला तर तुम्ही दिवसभर पाणी सोडत बसाल. पहिल्या ओळीत दुसरा ठेवा. दोन डब्यांत फार फरक दिसला तर दाब कमी आहे किंवा फिल्टर धुवायला झालाय.

---

तासगावकर_द्राक्ष · रात्री ९.५५

पण भर दुपारी पाणी द्यायचं? वडील म्हणायचे, तापल्या जमिनीत पाणी म्हणजे मुळं उकडली. पाणी पहाटेच द्यावं. आणि वाफेनेच निम्मं जातं.

---

वाफसा · रात्री १०.१०

पाटाच्या पाण्याला ते खरं होतं, सगळं रान ओलं व्हायचं. ठिबकने झाडाच्या सावलीत चार ओले ठिपके पडतात, त्यातून निम्मं पाणी कसं उडेल? थोडं जातं, नाकारत नाही. काळ्या लॅटरलमध्ये साठलेलं पाणी मात्र खरंच गरम असतं, हात लावून बघा. पण ते लगेच निघून जातं, मागून विहिरीचं गार पाणी येतं. खत सोडायचं असेल तर तेवढं पाणी निघून गेल्यावर व्हेंचुरी चालू करा. आणि ज्या व्हॉल्व्हला खत द्यायचं तो त्या दिवशी दोन व्हॉल्व्हच्या जोडीत येऊ देऊ नका, नाहीतर दोघांत किती गेलं ते कळणार नाही.

---

माड_पोफळी (कुडाळ) · रात्री १०.४०

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे सोलर पंप दिवसभर डोंगरावरच्या टाकीत पाणी टाकतो. टाकी बागेपासून ४० फूट उंच. खाली पोफळीला कधीही व्हॉल्व्ह उघडा, दाब एकसारखा, उन्हाशी काही संबंधच नाही. तुम्हीही सगळं पाणी आधी टाकीत घ्या आणि टाकीतूनच ठिबक चालवा. टाकी लहान पडत असेल तर ५० हजारांची करा, पाणी जास्त असलं की दाबही जास्त येईल.

---

वाफसा · रात्री ११.००

तुमचा डोंगर आम्हाला द्या, आम्ही उद्यापासून तसंच करतो. :)

४० फूट म्हणजे १२ मीटर, सव्वा किलो दाब झाला. तुमचं बरोबरच आहे. पण दाब उंचीने येतो, लिटरने नाही. २० हजारांची टाकी असो की ५० हजारांची, उंची तेवढीच तर दाब तेवढाच. यांची टाकी ४ मीटरवर. भरलेली असताना ०.४ किलो आणि रिकामी होत आली की पाव किलो. ४ लिटरचा साधा ड्रीपर त्या दाबाला दोन-सव्वादोन लिटरच देईल. त्यात सँड फिल्टर घाण असला तर उरलेला दाब तोच खाईल. आणि दाब एवढा कमी असला की जमिनीतला एक मीटरचा चढसुद्धा झाडाझाडांत फरक पाडतो, जो एक किलोला जाणवतही नाही.

---

माणदेशी_शिवार · रात्री ११.२०

माझं क चं एकर टाकीच्या बांधापासून खाली उतारावर आहे. अ-ब पेक्षा पुरुषभर खाली असेल. तिथे टाकीचं चालेल का?

---

वाफसा · रात्री ११.३५

हे आधी सांगायचं ना! मग क ला साडेचार ते सहा मीटर मिळतात. ड्रीपर पावणेतीन-तीन लिटरने चालेल, म्हणजे एकराची पाळी चार तासांत होईल. टाकीतले १४ हजार लिटर गेले तरी ६ हजार ढगाळ दिवसाला शिल्लक राहतात. टाकीच्या तोटीला सँड फिल्टर नको, डिस्क फिल्टर लावा. आणि टाकी झाकाच. उघड्या टाकीत शेवाळ धरतं आणि मग डिस्क रोज धुवावी लागते. शेडनेट दुहेरी करून ताणलं तरी चालेल.

करून बघा, पण आधी डबे ठेवा.

---

पाटलीणबाई_जत · गुरुवार, सकाळी ६.५०

एक शंका. आमचं रान मुरमाड आहे, तुमचंही तसंच असणार. पावणेतीन तास सलग पाणी म्हणजे ते मुळांच्या खाली निघून जाणार. आमच्याकडे कृषी सहायक म्हणतात, दिवसात दोनदा थोडं थोडं द्या. सोलरवर ते कसं बसवायचं?

---

वाफसा · सकाळी ८.१०

ताई, बरोबर बोट ठेवलंत. तीनही व्हॉल्व्ह दोनदा फिरवायचे म्हटलं तर उघडझाप दुप्पट होते, आणि दुसरी फेरी दोनच्या पुढे जाऊन पुन्हा कमी दाबात सापडते. माझ्या शेतात काळी आहे, मला सलग चालतं. मुरमाला काय करावं हे मी ठामपणे सांगणार नाही. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी झाडाशेजारी दीड-दोन फूट खड्डा घेऊन बघा. तळाशी चिखल आणि वर वाफसाही नाही, असं दिसलं तर पाणी खाली जातंय.

---

तासगावकर_द्राक्ष · सकाळी ८.४०

दोनदा फिरवायला माणूस कुठला आणायचा? ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह लावा म्हणाल, पण त्यांच्या टायमरला ढग कळत नाही.

---

माणदेशी_शिवार · पुढचा बुधवार, रात्री ८.१५

आठ दिवस झाले, सांगतो काय झालं ते.

वेळापत्रक बसलं. एकही जॉइंट उडाला नाही. पहिल्या दिवशी अ च्या पहिल्या ओळीच्या डब्यात ११ आणि शेवटच्यात ८ भरलं. फिल्टर उघडला तर वाळूवर हिरवट लोण्यासारखा थर. बॅकवॉश दुपारी १२ ला केला, कारण सकाळी पाण्याला जोरच नसतो, घाण सुटत नाही. दुसऱ्या दिवशी ११ आणि साडेदहा.

शनिवारी आभाळ आलं. ब चा डबा रेघेला लागायला चार वाजून दहा मिनिटं झाली. घड्याळाने चाललो असतो तर दीडलाच बंद केला असता. क त्या दिवशी झालाच नाही, रात्री टाकीवर घेतला.

क चं टाकीवरचं मात्र अर्धवट आहे. चार तासांनी वरच्या ओळीत सात, खालच्या ओळीत साडेदहा. तिथे मधे एक उंचवटा आहे, पाटाचं पाणी द्यायचो तेव्हाही वरचा भाग कोरडाच राहायचा. तो आता परत दिसला. वरच्या सहा ओळी वेगळ्या करून सोलरवर घ्याव्यात का? सबमेन मधेच तोडावी लागेल.

आणि विहीर. सोमवारी तीनच्या सुमाराला पंप आपोआप बंद, स्क्रीनवर ड्राय रन. पाणी दिवसभरात ६० वरून ७२ फुटांवर गेलं होतं. ठिबक आणि टाकी मिळून दिवसाला ६० हजार काढतोय, झरा तेवढा नाही. रात्रीत परत ६३ वर येतं.

---

वाफसा · रात्री ९.०५

मग रोज टाकी भरायचा हट्ट सोडा. क टाकीवर असेल त्या दिवशीच टाकी भरा. विहीर खोल गेली की ठिबकचा ४० हर्ट्झचा आकडाही वर सरकतो. ७२ फुटांवर बहुतेक ४२-४३ लागतील, आणि साडेनऊचा अ दहाला जाईल. ड्रम घेऊन परत मोजा.

उंचवट्याच्या ओळींचं फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंनी टाका.

---

माड_पोफळी · रात्री ९.२०

उंचवट्यावर टाकी बांधली असती तर?

---

माणदेशी_शिवार · रात्री ९.२५

बापू, तिथे म्हसोबा आहे. फोटो उद्या सकाळी टाकतो.